मशीन मध्येच थांबलं, पडद्यावर कोड आला: दोष दाराच्या लॉकचा, पाण्याच्या सेन्सरचा की ड्रेन पंपाचा?

वॉशिंग मशीन धुता धुता थांबतं, पडद्यावर दोन-तीन अक्षरं लुकलुकायला लागतात, आतले कपडे पाण्यात आणि दार उघडत नाही. अशा वेळी बहुतेक जण दोन गोष्टी करतात. मशीन बंद-चालू करून पाहतात, नाहीतर कोडचा अर्थ शोधून तो ज्या भागाचं नाव घेतो तो भाग बदलायला निघतात. पहिल्या गोष्टीत खुणा पुसल्या जातात आणि दुसरीत पैसे वाया जाण्याची शक्यता बरीच असते. कोड म्हणजे मशीनची तक्रार. "मी अमुक घडण्याची वाट पाहिली, ते ठरलेल्या वेळेत घडलं नाही," एवढंच तो सांगतो. का घडलं नाही, ते शोधायचं काम आपलं.

हा लेख समोरून दार असलेल्या, म्हणजे फ्रंट लोड मशीनबद्दल आहे. दाराचं लॉक, पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर आणि ड्रेन पंप हे तीन भाग त्यात एकमेकांवर इतके अवलंबून असतात की एकाचा दोष दुसऱ्याच्या नावावर सहज जमा होतो. सेन्सरला "टब रिकामा झाला" असं वाटल्याशिवाय मशीन ड्रेन संपला असं मानत नाही. पाणी उतरल्याचं कळल्याशिवाय दाराचं लॉक सुटत नाही. त्यामुळे पडद्यावर पंपाचा कोड आणि दोष सेन्सरच्या नळीत, किंवा दार उघडत नाही म्हणून लॉकला दोष आणि खरं कारण पंपात अडकलेली हेअरपिन, असे प्रकार नेहमीचे आहेत.

मशीन बंद करण्याआधी

कोड दिसला की लगेच प्लग ओढू नका. आधी कोड जसा दिसतो तसा लिहून घ्या किंवा फोटो काढा. या पडद्यांवर 5 आणि S, 0 आणि O सारखेच दिसतात, म्हणून डोक्यात ठेवलेला कोड नंतर हमखास बदलतो. एलजीच्या मशीनवर OE म्हणजे पाणी बाहेर गेलं नाही, dE म्हणजे दार आणि PE म्हणजे पातळीचा सेन्सर. सॅमसंगवर निचऱ्यासाठी 5E किंवा 5C, दारासाठी dE किंवा dC आणि पातळीच्या सेन्सरसाठी 1E किंवा 1C येतो. बॉशमध्ये E18 निचऱ्याचा आणि E16 दाराचा. बाकीच्या कंपन्यांचे कोड मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत पाहा. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या मॉडेलमध्येही फरक असतो, त्यामुळे दुसऱ्याच्या मशीनवरून आपल्या कोडचा अर्थ लावू नका.

कोडइतकंच महत्त्वाचं आहे मशीन कुठे थांबलं ते. नुकतंच सुरू केलं होतं, पाणी भरत होतं, धुणं चालू होतं, की खळबळून झाल्यावर पाणी काढत होतं? काचेतून पाहा, पाणी दिसतंय का? आणि कान द्या. पंप घुमतोय, खरखरतोय, नुसता गुणगुणतोय, की आवाजच नाही? दाराजवळून टक-टक येतंय का? या चार-पाच गोष्टी कागदावर असल्या की अर्धं निदान तिथेच होतं.

त्यानंतर प्लग काढा, नळ बंद करा. गरम पाण्याचा प्रोग्रॅम असेल तर पाणी निवेपर्यंत थांबा, कारण आतलं पाणी ६० किंवा ९० अंशांचंही असू शकतं. पाच मिनिटांनी पुन्हा जोडून एकदाच फक्त ड्रेन आणि स्पिनचा प्रोग्रॅम लावून पाहा. विजेच्या झटक्याने मशीन गोंधळलं असेल तर ते एवढ्यावर सुधारतं. पुन्हा तोच कोड आला तर मात्र वारंवार प्रयत्न करू नका. अडकलेला पंप प्रत्येक वेळी तापतो आणि मुळात चांगला असलेला पंप त्यात जळू शकतो.

आधी पाणी बाहेर काढा, आणि ते किती निघतं ते पाहा

मशीनच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं. त्यामागे पंपाचा फिल्टर असतो आणि बहुतेक मॉडेलमध्ये शेजारी बूच लावलेली एक बारीक रबरी नळीही असते. आधी ती नळी पसरट भांड्यात सोडून बूच काढा. नळी नसेल तर खाली परात आणि जुनी फडकी ठेवून फिल्टर पाव फेरा सैल करायचा, पाणी आलं की पुन्हा आवळायचा, परात ओतायची, असं थोडं थोडं करत जायचं. एकदम उघडला तर पाणी खोलीभर होतं.

इथे पाणी किती निघालं त्याकडे लक्ष ठेवा, कारण पुढची सगळी वाट त्यावर ठरते. पंपाच्या पोटात एखादा पेला पाणी नेहमीच शिल्लक राहतं, ते दोषाचं लक्षण नाही. तेवढंच पाणी निघालं आणि तरीही कोड निचऱ्याचा होता, तर पंपाने आपलं काम केलेलं आहे. मशीनला ते कळलं नाही, एवढंच. अशा वेळी सरळ सेन्सरच्या भागाकडे वळा. बादलीभर पाणी निघालं तर निचरा खरोखरच अडला आहे आणि पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

निचरा खरंच अडला असेल तर

फिल्टर पूर्ण बाहेर काढा. नाणी, बटणं, केसांचे पुंजके, लहान मुलांचे मोजे, ब्रामधली तार, कागदी रुमालाचा लगदा, जे सापडेल ते काढा. पण फिल्टर धुतला म्हणजे काम झालं, असं समजू नका. त्याच्या जागेत टॉर्च मारा. आत, थोडं बाजूला, पंपाचा छोटा पंखा दिसेल. काडेपेटीच्या काडीएवढी वस्तू त्याच्या पात्यांत आडवी बसली तरी पंप जागच्या जागी अडतो. लांब चिमट्याने ती काढा आणि मग लाकडी काडीने पंखा फिरवून पाहा.

इथे पुष्कळ लोक फसतात. आजच्या बऱ्याच पंपांत चुंबकाचा रोटर असतो. असा पंखा हाताने फिरवला की सरळ फिरत नाही, दाणकन एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारल्यासारखा सरकतो. हा अडथळा नव्हे, चुंबकाची ओढ आहे, आणि पंप असाच असायला हवा. उलट पंखा अगदी अलगद, काहीही ओढ न जाणवता भिरभिरला, तर तो दांड्यावरून सुटलेला असू शकतो. मग मोटर फिरते, गुणगुण ऐकू येते, पण पाणी हलत नाही.

पंखा मोकळा असेल तर मागच्या पाईपकडे या. तो मशीन आणि भिंत यांच्यामध्ये दबला आहे का पाहा. त्याचं टोक साधारण ६० ते १०० सेंटीमीटर उंचीवर असायला हवं. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. त्याहून बरंच उंच नेलं तर पंपाला पाणी चढवता येत नाही. फार खाली सोडलं तर उलटा घोटाळा होतो, पाणी भरतानाच आपोआप ओघळून जातं आणि मशीन पाणी कमी असल्याची तक्रार करतं. उभ्या नळात पाईप खोलवर खुपसणं किंवा भोवती चिकटपट्टी लावून तोंड बंद करणं हेही टाळा. हवेला जागा हवी. हातभर पाईप आत ढकलण्याची गरज नसते, १५ सेंटीमीटरच्या आसपास पुरतो.

पंप दुबळा आहे की वाट बंद आहे, हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. मशीनमध्ये थोडं पाणी असताना, प्लग काढलेला असताना, पाईपचं टोक उतरवून जमिनीवरच्या बादलीत धरा. वाट मोकळी असेल तर पंप बंद असूनही पाणी आपल्या वजनाने वाहायला लागतं. पंखा वाटेत असल्यामुळे धार बारीक असेल, पण येईल. ती अजिबात आली नाही तर टबाकडून पंपाकडे येणारी रबरी नळी किंवा मागचा पाईप तुंबलेला आहे. टबाखालच्या त्या नळीत मोजा अडकणं हा प्रकार फिल्टरमधून कधीच दिसत नाही. धार चांगली आली, पण पाईप नेहमीच्या उंचीवर धरून ड्रेन लावल्यावर पाणी चढत नाही, तर मात्र पंपच संशयित.

आता मल्टिमीटर घ्या. प्लग काढून, पंपाच्या दोन्ही तारा सुट्या करून, पंपाच्या टोकांवर रोध मोजा. २२० ते २४० व्होल्टच्या चुंबकी पंपात तो साधारण १०० ते २०० ओहमच्या दरम्यान मिळतो. जुन्या, उघडं वेटोळं दिसणाऱ्या पंपात बराच कमी असतो, आणि ११० ते १२० व्होल्टच्या मशीनमध्येही कमी असतो. नेमक्या आकड्यापेक्षा टोकाची दोन उत्तरं महत्त्वाची. मीटरने अमर्याद रोध दाखवला तर वेटोळं तुटलं आहे. शून्याजवळ दाखवला तर ते आतून जळून एक झालं आहे. दोन्हीत पंप बदलावा लागतो. रोध ठीक, पंखा मोकळा, वाट मोकळी आणि तरीही ड्रेनच्या वेळी पंपाचा आवाजच नाही, तर पंपापर्यंत वीज येत नाही. मग जोडणी, तार किंवा कंट्रोल बोर्ड. चालू मशीनच्या पोटात मीटर घालून व्होल्टेज मोजायला सराव लागतो. सराव नसेल तर तिथून पुढे तंत्रज्ञाकडे द्या.

पाणी गेलं, पण मशीनला पटत नाही

मशीन पाण्याची पातळी पाण्यात काही बुडवून मोजत नाही. टबाच्या तळाशी एक छोटी पोकळी असते, तिला एअर चेंबर म्हणतात. तिथून बोटापेक्षा बारीक नळी थेट वरपर्यंत, मशीनच्या छताखाली बसवलेल्या सेन्सरकडे जाते. उपडा पेला पाण्यात दाबला की आतली हवा जशी कोंडते, तसं टबात पाणी चढलं की त्या नळीतली हवा कोंडते आणि सेन्सरवर दाब पडतो. पाणी उतरलं की दाब जातो. जुन्या मशीनमध्ये वर टिक्-टिक् करणारा प्रेशर स्विच असायचा. आता बहुधा इलेक्ट्रॉनिक सेन्सर असतो, जो दाबाप्रमाणे आपल्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलतो.

यातला दाब किती नाजूक असतो ते पाहा. १० सेंटीमीटर पाण्याचा दाब साधारण १ किलोपास्कल, म्हणजे भोवतालच्या हवेच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का. फ्रंट लोड मशीन धुताना एवढ्याच पातळीच्या आसपास काम करतं. म्हणून नळीला सुईएवढं भोक पडलं, किंवा एअर चेंबरच्या तोंडाशी साबणाचा थर बसला, तरी सगळा हिशेब बिघडतो. सेन्सर स्वतः बिघडण्यापेक्षा त्याच्याकडे जाणारी वाट बिघडण्याचं प्रमाण मी पाहिलेल्या मशीनमध्ये कितीतरी जास्त आहे.

वाट बिघडण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांची लक्षणं उलटसुलट असतात. नळीला भोक किंवा सैल जोड असेल तर धुणं चालू असताना दाब हळूहळू निसटतो. मशीनला वाटतं पाणी कमी झालं, ते पुन्हा भरतं, पुन्हा भरतं, आणि काच अर्धीअधिक पाण्याखाली जाते. एअर चेंबर तुंबला असेल तर कोंडलेला दाब सुटत नाही. टब कोरडा पडला तरी सेन्सर "पाणी आहे" म्हणत राहतो. मशीन पंप चालवत राहतं आणि काही मिनिटांनी, बऱ्याच मॉडेलमध्ये पाच ते दहा मिनिटांच्या दरम्यान, निचरा झाला नाही असा कोड देऊन थांबतं.

असंच एक ७ किलोचं मशीन पाहायला मला बोलावलं होतं. कोड OE, नेहमी शेवटच्या खळबळीनंतर. आधीच्या कारागिराने पंप बदलला होता, फिल्टर घरचे लोक दर आठवड्याला धूत होते, तरी कोड येतच होता. घरातल्या काकू म्हणाल्या, "पंप नवा आहे हो, पण हा पण तसाच निघाला." मी पाईप बादलीत सोडून फक्त ड्रेन लावायला सांगितला. धार जोरात आली. मिनिटभराने ती तुटक झाली, पंपाचा घुमणारा आवाज बदलून कोरडी खरखर सुरू झाली, आणि काचेतून पाहिलं तर ड्रम रिकामा. तरीही पंप थांबेना. ती खरखर तशीच चालू राहिली आणि अखेर पुन्हा OE आला. नव्या पंपाला नावं ठेवण्यात काही अर्थ नव्हता.

प्लग काढून वरचं झाकण उघडलं. मागचे दोन स्क्रू काढून झाकण मागे सरकवलं की ते निघतं. सेन्सरवरून नळी ओढली तेव्हा बारीक "फुस्स" असा आवाज आला. रिकाम्या टबाच्या नळीत दाब असायचं काही कारण नाही, म्हणजे खाली कुठेतरी बूच बसलं होतं. खात्री करायला नळी तशीच सुटी ठेवली, झाकण जागेवर बसवलं, नळ बंद ठेवून फक्त स्पिन लावला. मशीनने पंप थोडा वेळ चालवला आणि सरळ फिरायला लागलं. सेन्सर, त्याच्या तारा, बोर्ड, पंप, सगळं ठीक होतं. उरला तो एअर चेंबर. तो काढल्यावर तोंडाशी राखाडी, बुळबुळीत, शेवाळासारखा गोळा निघाला. थंड पाण्यात धुणं, भरपूर पावडर आणि वर सॉफ्टनर, यातून असा साका तयार होतो. चेंबर कोमट पाण्याने आणि बाटलीच्या ब्रशने धुतला, आणि पंपाचा कोड गेला.

नळी आणि सेन्सर कसे तपासायचे

प्लग काढा, टब रिकामा करा, वरचं झाकण काढा. सेन्सर बाजूच्या पत्र्याजवळ, बशीसारखा गोल किंवा छोट्या डबीसारखा दिसेल. त्यावर एक नळी आणि दोन-तीन तारांचं कनेक्टर असतं. नळी सेन्सरकडून सोडवा. ओढण्याआधी थोडी पिळा, नाहीतर जुनं रबर फाटतं. आता नळीत हलकेच फुंका, म्हणजे फुंकर टबाकडे जाईल. वाट मोकळी असेल तर काहीच अडवत नाही, आणि टबात थोडं पाणी असेल तर बुडबुडे ऐकू येतात. फुंकर अडली तर चेंबर तुंबला आहे. नळी सेन्सरला जोडलेली असताना कधीही फुंकू नका आणि कॉम्प्रेसरची हवा तर नकोच. एक टक्का दाब मोजणारा पडदा त्याने फाटतो.

नळी पूर्ण काढून पाण्यात बुडवा, एक टोक अंगठ्याने बंद करून दुसरीकडून फुंका. बुडबुडे आले तर नळी बदला, टेप लावून काही उपयोग होत नाही. नळी जिथे पत्र्याला किंवा बेल्टजवळ घासते तिथे, आणि दोन्ही टोकांच्या वाकलेल्या जागी, बारकाईने पाहा. एअर चेंबर खालच्या बाजूने काढावा लागतो. काही मशीनमध्ये तो टबाला क्लिपने बसवलेला असतो, काहींत पंपाकडे जाणाऱ्या नळीचाच भाग असतो. तो परत बसवताना रबर नीट बसलं नाही तर पहिल्याच धुण्यात गळती होते, म्हणून काढण्याआधी फोटो काढून ठेवा.

नळी परत लावताना एक गोष्ट सांभाळा: टब रिकामाच असला पाहिजे. टबात पाणी असताना नळी लावली तर त्या क्षणी नळीतली हवा बाहेरच्या हवेइतक्याच दाबाची असते. सेन्सरला तीच शून्य पातळी वाटते. मग मशीन त्या पाण्यावर आणखी पूर्ण माप भरतं आणि दारातून पाणी येतं. दुरुस्ती नीट करूनही "आता तर आणखीच बिघडलं" असं वाटायचं हे नेहमीचं कारण.

PE किंवा 1E सारखा थेट सेन्सरचा कोड असेल तर आधी कनेक्टर काढून घट्ट लावा. पिना हिरवट किंवा काळपट झाल्यात का, उंदराने तार कुरतडली आहे का, ते पाहा. जुन्या प्रेशर स्विचमध्ये अलगद फुंकल्यावर टिक् आणि सोडल्यावर पुन्हा टिक् ऐकू यायला हवं. इलेक्ट्रॉनिक सेन्सर असा तपासता येत नाही. पण नळी मोकळी, भोक नाही, तारा ठीक आणि तरीही सेन्सरचाच कोड, तर तो बदलण्यात हरकत नाही. मॉडेल नंबर दाखवूनच घ्या. दिसायला सारखे सेन्सर वेगळ्या मापाचे असतात आणि पाणी कमी-जास्त भरायला लागतं.

दाराचं लॉक

दाराच्या कोडबाबत वेळ सगळ्यात जास्त बोलते. सुरुवातीलाच कोड आला तर बहुधा दार नीट लागलेलं नसतं. दाराच्या रबरात बाहीचं टोक अडकलेलं असतं किंवा लॉकच्या खाचेत साबणाचा खडा बसलेला असतो. धुणं संपल्यावर दार उघडत नसेल तर लॉकला बोल लावण्याआधी दोन मिनिटं थांबा. अनेक लॉकमध्ये तापणारा एक छोटा घटक आणि त्याने वाकणारी धातूची पट्टी असते. ती थंड होऊन सरळ झाली की खिट्टी सुटते, त्याला मिनिट-दोन मिनिटं लागतात. तेवढं थांबूनही उघडलं नाही तर पाणी शिल्लक आहे का पाहा, आणि तेही नसेल तर वरचा सेन्सरचा भाग आठवा. कोंडलेल्या दाबामुळे मशीनला टब भरलेला वाटत असेल तर ते दार उघडणार नाही, आणि लॉक बदलूनही उघडणार नाही.

मध्येच, विशेषतः स्पिनच्या वेळी दाराचा कोड आला, तर लॉकच्या आतला संपर्क कंपनाने सुटतोय असं समजा. खात्री करायला रिकामं मशीन लावा आणि सुरू होताना दाराच्या लॉककडच्या कडेवर तळव्याने दाब द्या. दाबल्यावर लॉक लागतं आणि न दाबता लागत नाही, तर लॉकपेक्षा दार खाली झुकलेलं असण्याची शक्यता जास्त. बिजागरीचे स्क्रू सैल झालेले असतात किंवा दाराचा हूक झिजलेला असतो. दार उघडं ठेवून हलकेच वर-खाली हलवून पाहा. बिजागरीत खेळ जाणवला तर स्क्रू आवळा. दारावर हात टेकवून वाकायची घरातल्यांना सवय असेल तर ती मोडा, बिजागरी त्यानेच जाते.

आवाजही ऐका. टक, टक, टक असे दोन-चार प्रयत्न होऊन कोड येत असेल तर बोर्ड लॉकला हुकूम देतोय, पण "लागलं" असा निरोप परत येत नाही. हूक नीट बसत नाही, नाहीतर लॉकचा आतला संपर्क गेला. काहीच आवाज नसेल तर लॉकला वीजच मिळत नाही किंवा तो आतून तुटला आहे. मात्र तापणाऱ्या पट्टीचं लॉक दोन-चार सेकंदांनी एकदाच टक करतं, त्यामुळे क्षणभराच्या शांततेवरून निष्कर्ष काढू नका. दाराच्या रबराची पुढची तारेची रिंग काढली की लॉकचे दोन स्क्रू मोकळे होतात आणि लॉक मागच्या बाजूने हातात येतं. त्याचं कनेक्टर जळकं किंवा ओलं असेल तर नुसतं लॉक बदलून भागत नाही. पाणी तिथपर्यंत कसं पोचलं तेही पाहा, बहुधा रबरालाच चीर असते.

कपडे आत अडकले असतील तर दार ओढून मोडू नका. पाणी आधी खालून पूर्ण काढा. बऱ्याच मॉडेलमध्ये फिल्टरच्या झाकणामागेच आपत्कालीन दोरी किंवा छोटी कडी असते, ती हलकेच खाली ओढली की खिट्टी सुटते. पाणी काचेपर्यंत असताना ओढली तर सगळं पाणी अंगावर येईल.

वरून कपडे टाकायच्या मशीनबद्दल एकच गोष्ट. त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये ड्रेन पंप नसतोच. एक छोटी मोटर ड्रेनचा व्हॉल्व्ह ओढते आणि पाणी उताराने जातं. तिथे निचऱ्याचा कोड आला तर पंप शोधत बसण्यापेक्षा व्हॉल्व्हमध्ये अडकलेला कचरा आणि पाईपचा उतार पाहा. पाईप जमिनीवर सपाट पडायला हवा, त्याला मध्येच चढ असेल तर पाणी जात नाही. नळी आणि सेन्सरचा हिशेब मात्र तिथेही हाच.

कुठे थांबायचं

मशीन लावल्यावर घराचा ब्रेकर पडत असेल, पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, बोर्डवर पाणी सांडलं असेल किंवा जळका वास येत असेल, तर प्लग काढून ठेवा आणि तंत्रज्ञाला बोलवा. ब्रेकर नेमका ड्रेनच्या वेळी पडतो का, हे त्याला जरूर सांगा. पंपाच्या वेटोळ्यात पाणी शिरल्याचं ते लक्षण आहे आणि त्याचा शोधण्यातला बराच वेळ वाचतो.

दुरुस्तीनंतर पहिली फेरी कपड्यांशिवाय, कमी पाण्याच्या छोट्या प्रोग्रॅमवर घ्या. खालचं झाकण उघडंच ठेवा आणि फिल्टरखाली कोरडा कागद ठेवा, म्हणजे एक थेंब गळला तरी दिसेल. पाणी भरताना काचेतली पातळी कुठे थांबते ते पाहा. धुताना मशीन स्वतःहून पुन्हा पाणी घेत असेल तर नळी अजून गळतेय. कोरडे कपडे पाणी शोषतात म्हणून भरलेल्या मशीनमध्ये थोडं पाणी पुन्हा घेतलं जातं, ते स्वाभाविक आहे. रिकाम्या फेरीत तसं कारण नसतं, म्हणूनच ही चाचणी कपड्यांशिवाय घ्यायची. ड्रेन सुरू झाला की पाईपची धार आणि पंपाचा आवाज एकत्र ऐका. धार तुटल्यावर कोरडी खरखर थोड्याच वेळात थांबून ड्रम फिरू लागला, तर पंप आणि सेन्सर दोघंही ठीक आहेत. खरखर लांबत गेली तर कोड येण्याची वाट न पाहता प्लग काढून नळी पुन्हा तपासा. शेवटी स्पिन पूर्ण वेगात असताना दाराच्या कडेला बोट टेकवा. थोडं कंपन चालेल, पण दार खडखडत असेल तर बिजागरीचे स्क्रू आणखी आवळावे लागतील.